पेन टूलने काढलेली कड वेडीवाकडी का येते?

प्रश्न: फोटोशॉपमध्ये पेन टूलने प्रॉडक्टभोवती पाथ काढतो, पण कड गुळगुळीत येत नाही. पाथचं सिलेक्शन केलं की कधी कधी बाहेरचाच भाग सिलेक्ट होतो. काय चुकतंय?

उत्तर:

किती पॉइंट टाकता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगतो: फार टाकताय.

माझी पहिली नोकरी एका कॅटलॉग स्टुडिओत होती. तिथले सिनिअर, सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांचं ठाम मत की पॉइंट जितके जास्त तितका पाथ अचूक. दिवाळीच्या कॅटलॉगसाठी तांब्याचे तांबे आले होते. काकांनी ५०० टक्के झूम करून एकाच तांब्याला दीडशेच्या आसपास पॉइंट ठोकले. तेवढ्या झूमला प्रत्येक तुकडा कडेला बरोबर चिकटलेला दिसतो. छापून आल्यावर मात्र पोटाची कड उंदराने कुरतडल्यासारखी. गिऱ्हाईक भडकलं आणि बोलणी मी खाल्ली, कारण फाईल शेवटची मी सेव्ह केली होती.

त्या रात्री तोच तांब्या मी १२ पॉइंटांत काढला. वरच्या काठाला तीन: डावं टोक, मधला उंच भाग, उजवं टोक. काठाच्या खाली जिथे कोपरा पडतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक. मग प्रत्येक बाजूला तीनच: मान सगळ्यात अरुंद असते तिथे, पोट सगळ्यात फुगतं तिथे आणि बुडाचा कोपरा. बुडाच्या मध्यावर शेवटचा. मान आणि पोटाच्या पॉइंटवर क्लिक करून ओढताना शिफ्ट दाबून हँडल अगदी उभं ठेवलं. मानेपासून पोटापर्यंतचं ते नागमोडी वळण दोन उभ्या हँडलांमध्ये आपोआप बसतं, मध्ये एकही पॉइंट लागत नाही. लोक नेमका तिथेच, वळण जिथे उलटतं तिथे, पॉइंट टाकतात आणि मग दिवसभर तो सरकवत बसतात.

कारण साधं आहे. दोन पॉइंटांमधली वक्ररेषा मुळातच गुळगुळीत असते, बिघडते ती सांध्यावर. पॉइंटची दोन्ही हँडलं एका रेषेत नसली की तिथे बारीक ठेच येते. दीडशे सांधे म्हणजे हात चुकायला दीडशे जागा, आणि चकचकीत धातूवर डोळा ती ठेच लगेच पकडतो. हँडल वळणाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा आणि कमी-जास्त वाटलं तर Ctrl दाबून तिथेच ओढा. नवा पॉइंट टाकायचा मोह आवरा. खरा कोपरा असेल तर Alt दाबून पुढचं हँडल मोडा. बुडाच्या कोपऱ्यावर हे केलं नाही, तर पोटाची गोलाई तशीच खाली घसरते आणि तांब्याला बूडच उरत नाही.

पाथ कडेवर काढू नका, एक-दोन पिक्सेल आत काढा. नाहीतर मागच्या कापडाचा रंग किनारीला चिकटून येतो. काका याला ‘वस्तू कापणं’ म्हणायचे. त्यांची दोन पिक्सेलची वस्तू वाचली आणि आमची किनार निळी झाली.

पाथ बंद झाला की Paths पॅनेलमध्ये Work Path वर डबल क्लिक करून आधी नाव द्या. तसाच सोडून दुसरा काढायला घेतलात तर पहिला गेला. मग Make Selection उघडा, Anti-aliased चालू ठेवा आणि Feather Radius ०.५. तीनेक हजार पिक्सेलच्या फोटोला एवढं पुरतं. शून्य ठेवलं तर वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. घाई असेल तर नुसतं Ctrl+Enter. सिलेक्शन झालं की डिलीट मारू नका, मास्क लावा.

उलट्या सिलेक्शनचं राहिलंच. वरच्या पट्टीत पाथ ऑपरेशन Subtract Front Shape वर राहिलं असेल. काळ्या बाणाने पाथ निवडून Combine Shapes करा. कपाच्या कानातली पोकळी काढायची असेल तर आतल्या पाथला Exclude Overlapping Shapes.

आणि हो, हे सगळं टणक कडेच्या वस्तूंना. लोकर किंवा फरच्या टोपीला पेन टूल घेऊन बसू नका. मागची कड फोकसबाहेर असेल तर तिथे मास्क वेगळा मऊ करावा लागतो, ०.५ ने भागत नाही. मोठ्या नक्षीच्या वस्तूला पॉइंट वाढतात, हे काकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण तांब्याला नक्षी नव्हती.