मामांची कॅश आणि दोन लाखांची लिमिट

"मी ऐरोलीत राहते, फेब्रुवारीत लग्न आहे. साताऱ्याचे सख्खे मामा लग्नासाठी मला ५ लाख देतायत. साखरपुड्याला दीड लाख कॅश दिले, लिहून काही घेतलं नाही. बाकीचे हळदीला आणि लग्नात कॅशच देणार, एका दिवशी दोन लाखांच्या आत असलं की चालतं म्हणतात. टॅक्स लागेल का?"

टॅक्स नाही लागणार. सख्खा मामा आयकराच्या व्याख्येत नातेवाईक आहे, आणि नवरीला लग्नात मिळालेली भेट तशीही करमुक्त असते.

अडचण कॅशची आहे. हा "एका दिवशी"चा सल्ला ठाण्यात माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस ऐकून येतो आणि मला खरंच राग येतो, कारण कॅशचा हा नियम, १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम २६९एसटी, कोणी शेवटपर्यंत वाचतच नाही. दोन लाख किंवा जास्त कॅश एका माणसाकडून एका दिवसात घ्यायची नाही, एका व्यवहारात घ्यायची नाही, आणि एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांमध्ये मिळूनही घ्यायची नाही. लग्न हा एक प्रसंग. तारखा वेगळ्या केल्या तरी मामा एकच आणि लग्न एकच, बेरीज होणारच. साखरपुडा वेगळा प्रसंग आहे असा वाद घालता येईल, पण त्यावर पैसे लावू नका. नातेवाईक म्हणून इथे सूट नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, घेतलेल्या रकमेएवढा. सबळ कारण दाखवलं तर दंड टळू शकतो, पण मामांना बँकेत जायचा कंटाळा हे कारण कोणी ऐकणार नाही.

आज तुम्ही दीड लाखावर आहात. अजून ५० हजार कॅश घेतलीत की बरोबर दोन लाख, म्हणजे अडकलात. म्हणून राहिलेले साडेतीन लाख मामांच्या स्वतःच्या खात्यातून तुमच्या खात्यात एनईएफटीने घ्या. आणि आदल्या दिवशी खात्यात कॅश भरून दुसऱ्या दिवशी पाठवली असं नको, पैसे आले कुठून हा प्रश्न लगेच उभा राहतो. मामांच्या खात्यात उसाचं बिल जमा झालेलं असेल तर पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन ठेवा.

दीड लाखाचा कागद तेव्हाच करायला हवा होता. आता साध्या कागदावर मामांकडून पत्र घ्या: नाव, पॅन, नातं, रक्कम, कोणत्या दिवशी कॅश दिली, लग्नाची भेट म्हणून दिली आहे, परत घ्यायची नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि तारीख आजचीच. मागची तारीख अजिबात टाकू नका, माझ्याकडे एकाने मार्चची तारीख टाकलेलं पत्र आणलं होतं आणि स्टॅम्प पेपरवर विक्रीचा शिक्का जूनचा, मग त्यातलं खरं असलेलंही कोणी मानेना. एनईएफटी झाल्यावर तसंच दुसरं पत्र, त्यात त्या ट्रान्सफरचा बँकेने दिलेला यूटीआर नंबर. लग्नाची पत्रिका सोबत लावा, आणि रिटर्न भरताना पाचही लाख करमुक्त उत्पन्नात दाखवा.