ट्रेकची सॅक घेताना लिटरच्या आधी पाठ मोज
अरे, ५० लिटर की ६० हे नंतर बघ, आधी पाठ मोजून घे. मान खाली घातली की मानेमागे जे हाड हाताला लागतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लाव, कारण उंची सारखी असली तरी पाठ सारखी नसते. मग त्या मापाची सॅक बघून दुकानातच तिच्यात ८-१० किलो भरायला सांग, खांद्याचे पट्टे सैल ठेवून आधी हिप बेल्ट कमरेच्या हाडावर आवळ आणि दहा मिनिटं चाल. बेल्ट पोटावर सरकला तर सगळं वजन खांद्यावर येतं, माझे खांदे हरिश्चंद्रगडावर असेच सोलून निघालेले. दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला ४५ लिटर पुरतं. आणि रेन कव्हर असलं तरी सह्याद्रीच्या पावसात पाणी पाठीकडून आत येतंच, कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतच भर.