‘आणि’ की ‘किंवा’? सौद्याच्या करारांविषयी प्रश्नोत्तरे

कापसाच्या जिनिंगचा हंगाम सुरू झाला की जळगाव-धुळ्याकडून एकाच प्रकारची पत्रे येऊ लागतात. माल गेला, वाद झाला आणि मग करार पहिल्यांदा नीट वाचला. त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरे.

करार नोटरी केला आहे. आता त्यातला शब्द चुकला असला तरी चालतो ना? (अमळनेर)

नाही. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो, सौदा तपासत नाही.

मी जामनेर भागातल्या एका जिनिंगमध्ये कनिष्ठ कारकून आहे. करारात असे आहे: ‘गाठींत ओलावा ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि कचरा ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त आढळल्यास खरेदीदारास माल नाकारता येईल.’ आमच्या १०० गाठींत ओलावा १० टक्के निघाला, कचरा ३ टक्के. खरेदीदार माल परत न्या म्हणतो. शेठही गाडी पाठवायला निघालेत. मी ‘आणि’ दाखवला तर म्हणाले, एका शब्दाला काय धरून बसतोस. कोणाचे बरोबर?

या कलमापुरते तुमचे बरोबर आहे. गाडी आजच थांबवा.

नाकारण्याच्या अधिकाराला इथे दोन अटी आहेत आणि ‘आणि’ने त्या एकत्र बांधल्या आहेत. ओलाव्याची अट पुरी झाली, कचऱ्याची झाली नाही, म्हणून अधिकार उत्पन्नच झाला नाही. त्याच जागी ‘किंवा’ असता तर एकटा ओलावा पुरला असता आणि माल परत आला असता. १७० किलोच्या १०० गाठी म्हणजे १७,००० किलो रुई, ३५६ किलोच्या खंडीने पावणेअठ्ठेचाळीस खंड्या. खंडीला ५५,००० रुपये धरले तरी सव्वासव्वीस लाखांचा माल या एका शब्दावर उभा आहे.

पण ‘आणि’ म्हणजे विकणाऱ्याचा फायदा, असा नियम कोणी पाठ करू नये. हा गैरसमज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. तेच कलम उलटे लिहून पाहा: ‘ओलावा ८.५ टक्क्यांच्या आत आणि कचरा ३.५ टक्क्यांच्या आत असल्यासच खरेदीदार माल स्वीकारेल.’ आता तोच ‘आणि’ तुमच्या विरुद्ध गेला, कारण स्वीकारायलाच दोन्ही अटी हव्यात आणि एक चुकली की माल बाहेर. म्हणून आधी कलम स्वीकाराचे आहे की नकाराचे ते पाहायचे आणि मगच जोडशब्दावर बोट ठेवायचे. ‘नसल्यास’, ‘नसावा’, ‘खेरीज’ असे नकाराचे शब्द आले की हे आणखी फिरते. तिथे प्रत्येक आकड्यासमोर हो-नाही लिहून, चारही शक्यतांत माल कुठे जातो ते कागदावर मांडून बघा. दहा मिनिटांचे काम आहे, ते सहीआधी व्हायला हवे.

आता समोरचा काय करील ते ऐका. तो म्हणेल, हा ‘आणि’ टायपिंगची चूक आहे, ठरले होते ‘किंवा’. लेखी कराराच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत, हा साक्ष कायद्यातला जुना नियम २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पण फसवणूक किंवा चूक दाखवण्यापुरती त्याला सवलत आहे. दोघांचीही चूक झाली असेल तर १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २६ प्रमाणे दस्त दुरुस्त करून मागता येतो. त्यासाठी दोघांचा खरा इरादा सिद्ध करावा लागतो. तेव्हा दलालाची सौदाचिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचे भाव-पसंतीचे निरोप आणि त्याच खरेदीदाराशी झालेले मागचे करार आजच एका फाइलीत लावा. मागच्या सगळ्या करारांत ‘किंवा’ असेल तर तुमची बाजू दिसते तेवढी पक्की नाही, हे शेठना स्पष्ट सांगा. कराराचे परिशिष्टही वाचा. कलमात ‘आणि’ आणि परिशिष्टात ‘यांपैकी कोणताही दोष’ असे मी नेहमी बघतो.

‘आणि’ टिकला म्हणजे सगळे पैसे मिळाले, असेही समजू नका. करारात दुसरीकडे ८.५ टक्क्यांची हमी असेल तर माल ठेवूनही खरेदीदार १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम ५९ खाली किंमत कमी करून मागू शकतो. हिशोब करा: १० टक्के ओलाव्याच्या १७,००० किलोत कोरडी रुई १५,३०० किलो. ८.५ टक्क्यांवर तिचे वजन सुमारे १६,७२१ किलो भरते. फरक २७९ किलोचा, वरच्या भावाने साधारण ४३,००० रुपयांचा. तडजोडीला बसायचे तर बोलणे या आकड्याच्या आसपास व्हावे, सव्वीस लाखांवर नाही.

आणि तो १० टक्के आकडा तरी कोणी काढला? गाठ उघड्यावर भिजली असेल तर मीटरची सुई वरच्या थरात एक दाखवते आणि आत दुसरे. दोघांच्या समक्ष वेगवेगळ्या गाठींच्या आतून नमुने काढा, हवाबंद पिशवीत सील करा आणि त्रयस्थ प्रयोगशाळेकडे पाठवा. खरेदीदाराने गाठी फोडून रुई कताईला लावली असेल तर तेही लेखी नोंदवा, कारण माल आपला म्हणून वापरल्यावर नाकारणे कठीण होते.

गाडी पाठवून माल मुकाट परत आणलात तर नकार मान्य केला असा अर्थ काढला जाईल. आज फक्त एवढे कळवा की नकार कराराला धरून नाही आणि आमचे सर्व हक्क राखून आहेत. त्यापुढचे एकही पत्र मूळ करार वकिलाला दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका.

वाद नको म्हणून ‘आणि/किंवा’ असे दोन्ही लिहिले तर? (शिरपूर)

वाद नक्की होईल. प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा अर्धा भाग वाचेल. ‘पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट घडल्यास’ किंवा ‘पुढील सर्व गोष्टी घडल्यास’ असे लिहा आणि खाली क्रमांक द्या.

सही झाल्यावर चूक दिसली. पेनाने शब्द बदलून आद्याक्षरे केली तर चालेल? (पाचोरा)

एकट्याने अजिबात नाही. सही झाल्यावर महत्त्वाची अट एका बाजूने परस्पर बदलली तर त्याच बाजूचा दावा बुडू शकतो. दोघांच्या संमतीने वेगळा दुरुस्ती करार करा, त्यात जुने कलम आणि नवे कलम पूर्ण उतरवा. मुद्रांकाचे वकिलाला विचारा.

स्टॅम्पवाल्याकडे ‘सर्व सौद्यांना चालणारा’ तयार नमुना मिळतो. केळी आणि कापूस दोन्हीला वापरतो. ठीक आहे ना? (रावेर)

ठीक नाही. केळीच्या घडाला ओलाव्याची टक्केवारी नसते आणि रुईच्या गाठीला पिकण्याची. असल्या नमुन्यात एका मालाच्या अटी दुसऱ्याच्या अटींना ‘व’ने जोडलेल्या असतात आणि त्यातून काय निघते ते विकणाऱ्याने कधी वाचलेले नसते. शंभर-दोनशे रुपये वाचवून लाखांचा माल अशा कागदावर सोडू नका. निदान माल नाकारण्याचे, मुदतीचे आणि पैशाचे कलम वकिलाकडून तपासून घ्या.

दाव्याला तीन वर्षे मिळतात असे ऐकले. मग आत्ताच घाई कशाला? (चाळीसगाव)

ऐकीव गोष्ट अर्धीच खरी आहे. करारभंगाच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात साधारणपणे तीन वर्षे आहेत. पण करारात ‘दोष आढळल्यास आणि सात दिवसांत लेखी कळवल्यास’ असे असेल तर समोरचा पहिल्या सुनावणीपासून त्या सात दिवसांवरच भांडेल. दावा करण्याचा हक्कच मुदतीनंतर संपवणारी अट करार कायद्याच्या कलम २८ मुळे टिकत नाही. तक्रार कळवण्याची अट त्यात येते का, हे कलमाच्या नेमक्या शब्दांवर ठरते आणि ते पत्रातून सांगता येत नाही. कळवायचे पत्र आज स्पीड पोस्टाने टाका, पोचपावती जपा आणि करार घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.