मुदतपूर्व बदलीविरुद्धचा अर्ज मुद्देसूद कसा लिहायचा?

प्रश्न: मी कोल्हापुरात राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक (गट क) आहे. जून २०२४ ला इथं हजर झाले आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये 'प्रशासकीय कारणास्तव' चंदगडला बदली केली. आईचं आठवड्यातून तीनदा सीपीआरला डायलिसिस असतं, घरात दुसरं कोणी नाही. अर्ज लिहिलाय, सोबत टाकलाय, पण मैत्रीण म्हणते हा अर्ज नाही, भांडण वाटतंय. नीट कसा लिहू?

उत्तर:

मैत्रीण बरोबर बोलतेय ताई. तुम्ही लिहिलंय, 'माझ्यावर घोर अन्याय झाला असून साहेबांनी मर्जीतल्या माणसाला इथे आणण्यासाठी राजकीय दबावाखाली माझा बळी दिला आहे, मी कोर्टात जाणार.' हे खरं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मी आस्थापनेच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं अशा अर्जाचं पुढं काय होतं ते सांगतो. अर्ज साहेब आधी वाचत नाहीत, आवक होऊन तो आस्थापना लिपिकाकडं येतो आणि तो त्यावर टिपणी चढवतो. तुमच्या अर्जावर तो दोन ओळी लिहील: 'अर्जदार यांनी अन्याय झाल्याचे नमूद केले आहे. बदली प्रशासकीय कारणास्तव असल्याने विनंती अमान्य करणेस हरकत नसावी.' झालं, फाईल बंद. तेच जर मुद्दा क्र. १, मुद्दा क्र. २ असं तारीख आणि कलम घालून लिहिलं, तर त्याला प्रत्येक मुद्द्यासमोर अभिप्राय लिहावा लागतो, आणि 'कारणे नोंदवली आहेत का' याला उत्तर द्यायचं म्हणजे मूळ बदलीची फाईल उघडावीच लागते. आपल्याला तेच पाहिजे.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही पान दोनवर कंसात टाकलाय की ओ! २००५ चा जो बदल्यांचा कायदा आहे (पूर्ण नाव लांबलचक आहे, अर्जात एकदाच पूर्ण लिहा आणि पुढं 'सदर अधिनियम' म्हणा) त्यात कलम ३ प्रमाणं एका पदावरचा कार्यकाळ तीन वर्षांचा. तुमचं झालंय सव्वा वर्ष. कलम ४(५) म्हणतं की कार्यकाळ संपायच्या आधी बदली करता येते, पण विशेष बाब म्हणून, कारणं लेखी नोंदवून, आणि कलम ६ च्या तक्त्यातल्या लगतच्या वरिष्ठ बदली प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घेऊन. आता हे लिहिताना लोक हमखास घसरतात, 'मान्यता घेतलेली नाही' असं ठोकून देतात. तुम्ही फाईल बघितली आहे का? नाही ना. मग तुम्हाला फक्त आदेशात काय दिसतंय तेवढंच लिहायचं. असं:

> मुद्दा क्र. १: मी या पदावर जून २०२४ मध्ये रुजू झाले असून आदेशाच्या दिनांकास माझा सुमारे १ वर्ष ३ महिने इतकाच कार्यकाळ झालेला आहे (रुजू अहवाल, जोडपत्र १). सदर अधिनियमाच्या कलम ३ नुसार विहित कार्यकाळ ३ वर्षांचा आहे. कलम ४(५) नुसार मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे व पूर्वमान्यता आवश्यक आहे. संदर्भाधीन आदेशात केवळ 'प्रशासकीय कारणास्तव' असा उल्लेख असून विशेष कारण अथवा मान्यतेचा उल्लेख दिसून येत नाही. याबाबतची कारणे मला अवगत करावीत, ही विनंती.

'दिसून येत नाही' हे दोन-तीन शब्द फार कामाचे आहेत. उद्या फाईलमध्ये मान्यता निघाली तरी तुम्ही खोटं बोललात असं कोणी म्हणू शकत नाही. आदेशाच्या वरच्या भागात 'वाचले' किंवा संदर्भ म्हणून नागरी सेवा मंडळाची बैठक, ४(५) वगैरे काही लिहिलंय का ते आधी नीट बघा हं, लिहिलं असेल तर वरचं वाक्य तसं चालणार नाही, मग 'मान्यतेचा उल्लेख आहे, तथापि विशेष कारण नमूद नाही' असं करा. आणि एक, गट क ला बिगर-सचिवालयीन कार्यालयात दोन कार्यकाळ म्हणजे सहा वर्षं हलवताच येत नाही असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय, ते अर्जात घालू नका. दोन कार्यकाळ झाले की बदली करायची असं ती तरतूद म्हणते, त्यातून सहा वर्षांचा हक्क काढायला गेलं की वाद सुरू होतो आणि तुमचा साधा सरळ तीन वर्षांचा मुद्दा त्यात बुडतो.

दुसरा मुद्दा म्हणजे वेळ. बदल्या एप्रिल-मे मध्ये करायच्या, तुमची सप्टेंबरात झाली, हा कलम ४(४) चा विषय आहे, वरच्या मुद्द्यात मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा. पण हा लिहायच्या आधी एक चौकशी करा. चंदगडचं पद कशामुळं रिकामं झालं? निवृत्ती, पदोन्नती, राजीनामा, कोणाच्या बदलीमुळं झालेली रिक्त जागा, अशा पदावर वर्षात कधीही बदली करता येते, त्याला तो कायदाच मुभा देतो. तसं असेल तर मुद्दा २ लंगडा आहे, सोडून द्या किंवा एका वाक्यात उरका. पण गंमत अशी की पद रिक्त असलं तरी तुमचा कार्यकाळ अपुरा आहे तो आहेच, म्हणजे मुद्दा १ ला धक्का लागत नाही. म्हणूनच दोन्ही वेगवेगळे लिहायचे, एक पडला तर दुसरा उभा राहतो.

आता 'मर्जीतला माणूस'. हा शब्द काढा, पण विषय काढू नका. आदेशातली तुमच्या जागी येणाऱ्याची ओळ बघा. त्याच्या नावापुढं शेऱ्यात 'विनंतीवरून' आहे का? नसेल तर आदेशाच्या शेवटच्या अटी वाचा, विनंती बदली असली की 'प्रवासभत्ता व पदग्रहण अवधी अनुज्ञेय राहणार नाही' अशी ओळ बहुतेक वेळा असते आणि तिथं अनुक्रमांक दिलेले असतात. तो अनुक्रमांक त्याचा निघाला तर तुम्हाला आरोप करायची गरजच नाही:

> मुद्दा क्र. ३: याच आदेशातील अ.क्र. ___ येथील कर्मचाऱ्यांची विनंतीवरून माझ्या पदावर पदस्थापना करण्यात आली आहे. त्यामुळे माझी बदली कोणत्या प्रशासकीय निकडीमुळे आवश्यक ठरली याचा आदेशावरून बोध होत नाही.

बस. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. नाव लिहू नका, त्या माणसाची त्यात चूक असेलच असं नाही. आणि राजकीय दबावाचं पुराव्याशिवाय बिलकुल नको. साहेबांवर लेखी दुष्ट हेतूचा आरोप केला की तो सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

आईचा मुद्दा शेवटी घ्या. कमी महत्त्वाचा म्हणून नाही, पण कौटुंबिक अडचण ही सहानुभूतीची बाब आहे, हक्काची नाही, आणि ती पहिली आली की अख्खा अर्ज 'विनंती अर्ज' म्हणून बाजूला पडतो. तुम्ही 'आई मरणाच्या दारात आहे' लिहिलंय, ते वाचून मला वाईट वाटलं, पण टिपणीत ते एवढंच होतं, 'आई आजारी'. त्याऐवजी लिहा की आईचं वय इतकं, अमुक महिन्यापासून डायलिसिस, आठवड्यातून तीन दिवस, सोबत थांबणारी मी एकटीच, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडपत्र ३, चंदगड इथून शंभर किलोमीटरच्या वर असल्यानं रोज जाऊन येऊन हे करणं शक्य नाही. यावर हमखास उत्तर येतं की आईला तिकडं न्या. म्हणून आधीच फोन करून विचारा तिकडं जवळ डायलिसिसची सोय कुठं आहे, जागा मिळते का, आणि जे कळेल ते खरं लिहा.

शेवटी मागणी. तुम्ही 'न्याय मिळावा' लिहिलंय, त्यावर साहेब सही काय करणार? त्यांना मंजूर करता येईल असं वाक्य द्या: बदली आदेश माझ्यापुरता रद्द करावा, ते शक्य नसल्यास, माझे वरील मुद्दे अबाधित ठेवून, करवीर, कागल किंवा हातकणंगले तालुक्यातील रिक्त पदावर पदस्थापना द्यावी, आणि निर्णय होईपर्यंत कार्यमुक्त करू नये. पर्याय दिला की केस कमजोर होते असं म्हणणारे भेटतील, माझा अनुभव उलटा आहे, स्वतःचा आदेश सरळ रद्द करायला कुठल्याही साहेबाला जड जातं, अंशतः बदल करायला तेवढं जात नाही. 'कोर्टात जाणार' ही ओळ खोडा. जायचं असेल तर जा, सांगून काय मिळतं?

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका. 'सविनय सादर करते की' एकदा वर, 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एकदा खाली, बास. सगळं दोन पानांत, सोबत जोडपत्रं. बदलीचा आदेश ज्यांनी काढला त्यांच्या नावे, 'द्वारा: कार्यालय प्रमुख' असं योग्य मार्गानं, आणि एक आगाऊ प्रत थेट. दोन्हीच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. आणि आमदार-खासदाराचं शिफारसपत्र जोडू नका, आपल्याकडं लगेच कोणीतरी आणून देतो म्हणतं, पण वरिष्ठांवर बाहेरून वजन आणणं हे १९७९ च्या वर्तणूक नियमांत बसत नाही, उद्या तुमच्यावरच नोटीस निघेल.

अर्ज दिला म्हणजे बदली थांबली असं नाही, हे मात्र लक्षात घ्या. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच गुजरात विद्युत मंडळाच्या प्रकरणात सांगितलंय की अर्ज प्रलंबित आहे म्हणून हजर न होणं चालत नाही. कार्यमुक्त केलं (एकतर्फी सुद्धा करतात) तर घरी बसू नका, एक तर रीतसर रजा टाका नाहीतर 'माझ्या अभिवेदनाच्या अधीन राहून' असं लिहून हजर व्हा. आणि मॅटमध्ये जायची वेळ आलीच तर कार्यमुक्त व्हायच्या आधी वकिलाला भेटा, तुमच्या जागी दुसरा येऊन बसला की अंतरिम दिलासा मिळणं अवघड होतं. १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय म्हणून लोक तिकडं पळतायत, पण राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला बदलीसाठी आधी मॅटच, आणि आपल्या जिल्ह्याला मॅटचं मुंबई खंडपीठ लागतं. जिल्हा परिषदेचे कुणी हे वाचत असतील तर त्यांचे बदलीचे नियम वेगळे आहेत, वरची कलमं तशीच उचलू नका.

मुद्दा २ साठी चंदगडचं पद कशानं रिक्त झालं ते कळलं की कमेंटमध्ये टाका, तो परिच्छेद कसा लिहायचा ते सांगतो.