कपाशीचं पान उलटून बघा

भाऊ, कपाशीच्या बिघडलेल्या पानाचा फोटो टाकून कोणतं औषध मारू असं विचारलंत, पण फोटोत पानाची वरचीच बाजू दिसतेय, त्यावरून औषध सांगणं म्हणजे अंदाजपंचे. सकाळी पान उलटून खालचा फोटो काढा. कडा खाली वळून पिवळ्या, मग लालसर होत असतील तर बहुधा तुडतुडे. त्यांची पोपटी पिल्लं डिवचली की तिरकी पळतात. कडा वर वळलेल्या आणि खाली चंदेरी चकाकी असेल, तर फुलकिडे.

कीड सापडलीच नाही, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, तर लाल्या समजा. तो बहुतेकदा मॅग्नेशियमच्या कमतरतेचा, कीटकनाशकाने हटत नाही (दुकानदार देईलच म्हणा).

ठिपके वेगळे बघा. शिरांमध्ये अडकलेले, कोनाकार, पाणचट असतील तर जिवाणूजन्य करपा.