तेजीत निघालेला सेक्टर फंड: घ्यायच्या आधी काय तपासाल?

प्रश्न: एका सेक्टर फंडाचा एनएफओ, म्हणजे नव्या फंडाची पहिली विक्री, आलाय. त्याच्या इंडेक्सने दोन वर्षांत पैसे दुप्पट केलेत आणि एजंट म्हणतोय, १० रुपयांत युनिट मिळतंय, घेऊन टाका. पण असे फंड नंतर झोपतात असंही ऐकलंय. खरं काय?

उत्तर: आधी ते १० रुपये डोक्यातून काढा. तुमच्या पैशांतून फंड जे शेअर घेणार, ते आजच्याच बाजारभावाने. त्यात स्वस्त काहीच नाही.

असे फंड तेजीतच का निघतात? सेबीच्या २०१७ च्या नियमांनी लार्ज कॅप, मिड कॅप अशा प्रत्येक प्रकारात फंड हाऊसला एकच योजना ठेवायला सांगितलं, सेक्टर-थीमला मात्र सूट दिली. त्यामुळे नवा पैसा गोळा करायला ही वाट मोकळी राहिली, आणि लोक पैसा टाकतात ते नुकतंच वर गेलेल्या क्षेत्रात. शिवाय किमान ८० टक्के रक्कम त्याच थीममध्ये ठेवावी लागते. भाव अवाच्या सवा झाले तरी मॅनेजरला फारसं बाहेर पडता येत नाही.

इन्फ्राचं उदाहरण बघा. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या आसपास होता, ती पातळी त्याने नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा गाठली. निफ्टी इन्फ्रास्ट्रक्चर इंडेक्सला, लाभांश सोडून, २०२३ उजाडलं. मधल्या काळात देशात रस्ते, वीज प्रकल्प, बंदरं झालीच की! पण शिखरावर दिलेला भाव त्या कामातून वसूल व्हायला पंधरा वर्षं लागली.

म्हणून 'या क्षेत्राला भविष्य आहे का' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. नफा किती वाढला आणि भाव किती, ते वेगळं करा. समजा, इंडेक्स दुप्पट झाला आणि पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, ३० वरून ५५ वर गेला. दोनला ५५/३० ने भागा: १.०९. म्हणजे कंपन्यांचा नफा जेमतेम ९ टक्के वाढलाय, बाकी सगळा उत्साह. आता पुढची दोन वर्षं नफा दरसाल २० टक्क्यांनी वाढला, पण पीई परत ३० वर आला, तर १.४४ गुणिले ३०/५५, म्हणजे ०.७९. धंदा जोरात चालूनही १०० चे ७९ रुपये. निफ्टी इंडेक्सचे जुने पीई niftyindices.com वर मिळतात. (तोट्यातून नुकत्याच वर आलेल्या किंवा धातूंसारख्या चढउताराच्या धंद्यात पीई फसवतो, तिथे पीबी, म्हणजे भाव पुस्तकी किमतीच्या किती पट आहे ते बघा.)

जाहिरातीतला परतावा कुठल्या तारखेपासूनचा आहे तेही बघा. इंडेक्सच्या फॅक्टशीटवर आधार तारीख आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख अशा दोन तारखा असतात. त्यांच्यामधला आलेख मागाहून काढलेला असतो, त्या काळात त्या इंडेक्सवर कोणी पैसे लावलेले नसतात.

आणि तुमच्या फ्लेक्सी कॅप फंडाचा महिन्याचा पोर्टफोलिओ उघडा. याच क्षेत्रातले मोठे शेअर बऱ्याचदा तिथे आधीच बसलेले असतात.