लाइट आली तरी फ्रिज लगेच का उचलत नाही

प्रश्न: "लाइट जाऊन मिनिटभरात परत आली की फ्रिजच्या मागून घूंऽऽ आवाज येतो, मग 'टिक्', आणि सगळं शांत. असं दोनतीनदा होऊन मग आपोआप सुरू होतो. मेकॅनिक म्हणतोय कंप्रेसर गेला, बदला. खरंच बदलावा लागेल का?"

इतक्यात बदलू नका. शेवटी दर वेळी उचलतोय, म्हणजे बहुतेक मोटार आणि रिले दोन्ही धड आहेत.

कंप्रेसरच्या मोटारीत दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. सिंगल फेजवर नुसतं रनिंग वाइंडिंग थांबलेल्या रोटरला फिरवू शकत नाही, पहिला धक्का स्टार्टिंगचाच लागतो. पण ते बारीक तारेचं असतं, सतत करंट राहिला तर जळेल. म्हणून त्याच्या वाटेत पीटीसी रिले बसवतात. नाव रिले असलं तरी आत उघडझाप करणारं काहीच नसतं, नाण्याएवढी सिरॅमिकची चकती असते. गार असताना तिचा रेझिस्टन्स वीसतीस ओहम. करंट गेला की ती सेकंदभरात तापते आणि साधारण 120 अंशांच्या पुढे रेझिस्टन्स एकदम हजारो ओहमवर जातो. स्टार्टिंग वाइंडिंग जवळजवळ तुटल्यासारखंच होतं. तोवर मोटारीने वेग घेतलेला असतो.

गोम पुढे आहे. फ्रिज चालू असेपर्यंत थोडासा करंट त्या चकतीतून वाहतच राहतो आणि तिला गरम ठेवतो. म्हणजे लाइट जाते त्या क्षणी चकती तापलेलीच असते. ती गार व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मिनिटभरात लाइट आली तर स्टार्टिंगला करंटच मिळत नाही. रोटर जागचा हलत नाही आणि रनिंग वाइंडिंग नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढत बसतं. घूंऽऽ तो हाच.

'टिक्' ओव्हरलोडचा. कंप्रेसरच्या अंगाला चिकटून बसवलेली ती छोटी काळी डबी. आतली दोन धातूंची पट्टी जास्त करंटने किंवा अंगाच्या उष्णतेने वाकते आणि कॉमनची, म्हणजे दोन्ही वाइंडिंगची सामाईक लाइन तोडते. कॉमनच तुटल्याने चकतीचाही करंट बंद होतो आणि ती गार होऊ लागते. पट्टी गार झाली की पुन्हा 'टिक्', पुन्हा प्रयत्न.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशींच्या 165 लिटरच्या फ्रिजला मी टंग टेस्टर लावून बसलो होतो. चालू असताना 0.9 अँपियर. प्लग काढून अर्ध्या मिनिटात लावला तर 8 च्या आसपास, आठेक सेकंदांत टिक्. चाळीस सेकंदांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ओव्हरलोडने जवळजवळ दोन मिनिटं घेतली, कारण एव्हाना कंप्रेसरचं अंगही तापलं होतं, आणि त्या मोठ्या विश्रांतीनंतर फ्रिज सरळ उचलला. मधल्या फसलेल्या प्रयत्नांनी गार होत आलेली चकती पुन्हा तापवली होती, म्हणजे घाईने वेळ वाढलाच. शिवाय अशा प्रत्येक प्रयत्नात वाइंडिंगही भाजतं.

थांबायचं दुसरं कारण गॅसचं. फ्रिज बंद होताना कंडेन्सरच्या बाजूला दाब जास्त असतो, दुसरीकडे कमी. हा फरक केसासारख्या बारीक छिद्राच्या कॅपिलरीतून हळूहळू मिटतो, त्यालाही काही मिनिटं लागतात. या मोटारींचा सुरुवातीचा जोर बेताचाच, भरल्या दाबावर पिस्टन ढकलणं त्यांना जमत नाही. जुन्या कॉइलच्या रिलेला गार व्हायची वाट बघावी लागत नसे, पण या दाबासाठी थांबावं लागायचंच.

आता खरा बिघाड कसा ओळखायचा? प्लग काढून दहापंधरा मिनिटं ठेवा, मग लावा. तरीही घूं-टिक् झालं तर आधी व्होल्टेज बघा. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, 230 चे 170 झाले की जेमतेम 55 टक्के उरतो. व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढून पीटीसी उपटा आणि कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर चकती फुटली, त्याच नंबरची नवी आणा. न खुळखुळणारीही मीटरवर ओपन दाखवत असेल तर गेलेलीच. शेवटी कंप्रेसरच्या तीन पिना मोजा: कॉमन-रनिंग आणि कॉमन-स्टार्टिंग यांची बेरीज रनिंग-स्टार्टिंगएवढी यायला हवी, आणि कुठलीही पिन बॉडीला लागलेली नको. हे सगळं बरोबर असूनही उचलत नसेल तरच कंप्रेसर जाम झाल्याचा संशय घ्या.

कुणी ओव्हरलोडला वायर मारून डायरेक्ट करून देतो म्हणालं तर हात लावू देऊ नका, पुढच्या वेळी वाइंडिंगच जळेल.

तुमच्याकडे लाइट वारंवार जात असेल तर तीन मिनिटांच्या टाइम डिलेचा स्टॅबिलायझर घ्या. तोवर लाइट गेली की प्लग काढायचा आणि लाइट आल्यावर, बंद झाल्यापासून पाच मिनिटं उलटली असतील तरच लावायचा. थर्मोस्टॅट शून्यावर नेऊन लगेच परत फिरवलं तरी हाच प्रकार होतो, तेही टाळा.